ठिपक्यांच्या रेषेपासून एकोणीस सेंटिमीटर

तोफांचा साधासा खेळ डोळ्यांसमोर आणा. डावीकडे आपली तोफ, मध्ये टेकडी, उजवीकडे शत्रूची. बोटाने नळी वर-खाली केली की हवेत ठिपक्यांची एक कमान उमटते: गोळा या वाटेने जाईल आणि अमुक ठिकाणी पडेल. आपण नेम धरतो, बोट सोडतो, गोळा सुटतो. सुरुवातीला तो ठिपक्यांवरूनच जातो. माथ्यावर पोचेपर्यंत थोडा खाली सरकलेला वाटतो. शत्रूजवळ येताना मात्र ठिपके वरून जातात आणि गोळा त्यांच्या खालून जाऊन मातीत रुततो. गणित तपासावं तर सूत्र बरोबर. आकडे बरोबर. गुरुत्वाकर्षणही दोन्हीकडे तेवढंच. तरीही गोळा दर वेळी खालूनच जातो, वरून कधीच नाही.

या न सापडणाऱ्या चुकीच्या मुळाशी एक अतिशय देखणं अंकगणित आहे.

आधी खरा गोळा कसा पडतो ते पाहू. गॅलिलिओने १६३८ साली लायडनमध्ये छापलेल्या आपल्या शेवटच्या मोठ्या ग्रंथात हे सांगितलं. पडणारी वस्तू पहिल्या क्षणात जेवढं अंतर पडते त्याला एक म्हटलं, तर दुसऱ्या तेवढ्याच क्षणात ती तीन पडते, तिसऱ्यात पाच, चौथ्यात सात. विषम संख्या ओळीने येतात. त्यांची बेरीज करत गेलं तर १, ४, ९, १६ असे वर्ग मिळतात. म्हणजे एकूण पडणं वेळेच्या वर्गात वाढतं. आडवा वेग मात्र कुणी कमी करत नाही, तो तसाच राहतो. आडवं सरळ प्रमाणात आणि उभं वर्गाच्या प्रमाणात, या दोन चालींतून गोळ्याची वाट घडते. तिला अन्वस्त म्हणतात. कॉलेजात आपण तिलाच पॅराबोला म्हणतो.

आता संगणक काय करतो ते पाहू. खेळामागचं भौतिकीचं इंजिन वेळेचे छोटे तुकडे पाडतं. आपण तुकडा ०.०२ सेकंदाचा धरू, म्हणजे सेकंदाला ५० पावलं. गुरुत्वाकर्षण हिशेबाच्या सोयीसाठी १० मीटर प्रति सेकंद वर्ग घेऊ. प्रत्येक पावलाला इंजिन दोनच कामं करतं: आधी वेग बदलतं, मग त्या नव्या वेगाने जागा बदलतं.

```
v.y = v.y - g * dt
p   = p + v * dt
```

ही पद्धत लिओनार्ड ऑयलरच्या घराण्यातली आहे. खुद्द ऑयलरची पद्धत जुन्या वेगाने जागा बदलते. इथे क्रम उलटा आहे, कारण त्यामुळे स्प्रिंग, दोरी, झोके अशा गोष्टी पडद्यावर उगाच ऊर्जा मिळवून उधळत नाहीत. एरिन कॅटो यांचं बॉक्सटूडी हे इंजिन याच क्रमाने चालतं, आणि २००९ साली आलेल्या अँग्री बर्ड्समध्ये तेच होतं.

या दोन ओळी हातानेच चालवून पाहू. गोळा नुसताच हवेत सोडला आहे, वेग शून्य. एका पावलात वेग ०.२ ने वाढतो आणि त्या वेगाने ०.०२ सेकंद जाऊन गोळा ४ मिलिमीटर पडतो. दुसऱ्या पावलात ८ मिलिमीटर, तिसऱ्यात १२, चौथ्यात १६. एकूण पडणं होतं ४, १२, २४, ४० मिलिमीटर. चाराने भागलं तर १, ३, ६, १०. या त्रिकोणी संख्या आहेत: गोट्यांचा त्रिकोण मांडत गेलं की प्रत्येक ओळीनंतर मिळणाऱ्या बेरजा. पहिल्या n संख्यांची बेरीज n(n+1)/2 होते हा नियम भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत आहे, आणि इंजिनाचा गोळा नेमका त्याच नियमाने पडतो.

खऱ्या गोळ्याचं पडणं त्याच क्षणांना मोजलं तर २, ८, १८, ३२ मिलिमीटर येतं. दोन्ही यादी शेजारी ठेवा आणि वजाबाकी करा: २, ४, ६, ८. संगणकाचा गोळा प्रत्येक पावलाला बरोबर २ मिलिमीटर जास्त पडतो. कधी एक नाही, कधी तीन नाही. गॅलिलिओचे वर्ग आणि लीलावतीचे त्रिकोण यांच्यातला फरक इतका शिस्तीचा आहे.

हे दोन मिलिमीटर कुठून येतात तेही दिसतं. एका पावलाच्या अवधीत खऱ्या गोळ्याचा वेग हळूहळू वाढत असतो, त्यामुळे त्याचं पडणं त्या अवधीतल्या मधल्या वेगावर ठरतं. इंजिन मात्र पावलाच्या शेवटचा वेग धरून पूर्ण पाऊल टाकतं. मधला वेग आणि शेवटचा वेग यांत अर्ध्या पावलाच्या वाढीचा फरक, म्हणजे ०.१ मीटर प्रति सेकंद. तेवढ्या जादा वेगाने ०.०२ सेकंद म्हणजे २ मिलिमीटर.

आता खेळातला एक नेम घेऊ आणि शेवटपर्यंत तोच धरून ठेवू. तोफेतून गोळा सेकंदाला २० मीटर वेगाने सुटतो. शत्रू ३० मीटर दूर आणि ५ मीटर उंचावर आहे. सूत्र सांगतं, नळी ३७.१ अंशांवर ठेवा, गोळा १.८८ सेकंदांत पोचेल. १.८८ सेकंद म्हणजे ९४ पावलं. ९४ पावलांत खरा गोळा गुरुत्वाकर्षणामुळे १७.६७ मीटर पडतो, इंजिनाचा १७.८६ मीटर. प्रत्येक पावलाचे दोन मिलिमीटर धरले तर १८८ मिलिमीटर. ठिपक्यांची कमान शत्रूच्या छातीवर टेकते आणि गोळा तिच्याखाली एकोणीस सेंटिमीटरवर असतो. शत्रू मोठा असेल तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. तो छोट्या झरोक्याएवढा असेल तर नेम चुकलाच.

इथे बरेच जण पाऊल लहान करून पाहतात. पाऊल निम्मं केलं की चूकही निम्मी होते, हे खरं. पण ती संपत नाही, आणि काम मात्र दुप्पट होतं. खरा मार्ग त्या शिस्तीतच दडलेला आहे. चूक दर पावलाला तेवढीच आहे, म्हणजे ती वेळेच्या सरळ प्रमाणात वाढते. आणि वेळेच्या सरळ प्रमाणात अंतर वाढवणारी गोष्ट म्हणजे वेग! इंजिनाचा गोळा काही भलत्याच वाटेने जात नाही. तो अगदी निर्दोष अन्वस्तावरून जातो, फक्त ते अन्वस्त वरच्या दिशेला सेकंदाला ०.१ मीटर कमी वेगाने डागलेल्या गोळ्याचं आहे. संगणकाने तुकड्यातुकड्याने, ढोबळ बेरीज करून काढलेला प्रत्येक बिंदू एका खऱ्या अन्वस्तावर तंतोतंत बसतो. ढोबळ रीतीतून अचूक वक्र निघावा, याचं मला अजूनही नवल वाटतं.

मग दुरुस्तीला एकच ओळ पुरते. गोळा सुटण्याच्या क्षणी त्याला अर्ध्या पावलाचं गुरुत्वाकर्षण वरच्या दिशेला परत द्यायचं.

```
v.y = v.y + 0.5 * g * dt
```

पहिल्या पावलात गोळा आता ४ ऐवजी २ मिलिमीटर पडतो, दुसऱ्यानंतर एकूण ८, तिसऱ्यानंतर १८. वर्ग परत आले. ही ओळ एकदाच चालते, गोळा सुटताना. आपल्या नेमात वेग २० चा २०.०६ होतो, तो कुणाला दिसत नाही. गोळ्यावर गुरुत्वाकर्षणाशिवाय दुसरं काही चालत नसेल, तर यानंतर ठिपके आणि गोळा यांच्यात केसाइतकंही अंतर उरत नाही.

अर्थात प्रत्येक चूक हीच नसते. ठिपके आणि गोळा वेगळे होताना दिसले, तर दर पावलाला त्यांच्यातलं उभं अंतर लिहून काढावं आणि ते कसं वाढतं हे पाहावं. वाढीचा आकारच कारण सांगून जातो. अंतर सुरुवातीपासून तेवढंच राहत असेल, तर ठिपके तोफेच्या मध्यापासून काढले आहेत आणि गोळा नळीच्या तोंडातून सुटतो आहे. सरळ प्रमाणात वाढत असेल, तर आपलं हे अर्धं पाऊल. वर्गाच्या प्रमाणात वाढत असेल, तर दोन ठिकाणी गुरुत्वाकर्षण वेगळं लिहिलं गेलं आहे. इंजिनात ९.८१ आणि ठिपक्यांत १० असेल, तर आपल्या नेमात शेवटी सुमारे ३४ सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि तो सुरुवातीला जवळजवळ दिसतच नाही. आडव्या दिशेलाही गोळा मागे पडत असेल, तर इंजिन हवेचा रोध लावतं आहे.

एक प्रकार जास्त चकवतो: आज गोळा इथे पडतो, उद्या तिथे, दुसऱ्या फोनवर तिसरीकडेच. तेव्हा बहुधा पाऊल ठरावीक नसून पडद्याच्या प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेएवढं घेतलेलं असतं. सेकंदाला ३० फ्रेम काढणाऱ्या फोनवर आपला गोळा ३१ सेंटिमीटर जादा पडेल, ६० वाल्यावर १६, १२० वाल्यावर ८. त्यातच फोन एखाद्या क्षणी अडखळला आणि एक फ्रेम सेकंदाचा दहावा भाग लांबली, तर त्या एकाच पावलात ५ सेंटिमीटर जादा पडणं होतं. खेळाडू म्हणतो, नेम तोच धरला होता, आणि तो खरं बोलत असतो. म्हणून भौतिकीचं पाऊल कायम ठरावीक ठेवायचं आणि चित्र काढताना दोन पावलांच्या मधली जागा दाखवायची. एका पावलाचा हिशेब फोनच्या वेगावर सोपवायचा नाही.

पाऊल मुळात टाकायचंच नाही, असाही एक मार्ग आहे. १९९१ साली डॉसच्या पाचव्या आवृत्तीबरोबर क्यूबेसिक आलं, आणि त्याच्यासोबत GORILLA.BAS नावाचा छोटा खेळ. इमारतींवर उभी दोन गोरिलं एकमेकांवर केळी फेकायची. त्या प्रोग्रॅममध्ये केळ्याची जागा मागच्या जागेवरून काढलेली नाही. फेकल्यापासून किती वेळ झाला त्यावरून ती थेट सूत्राने काढलेली आहे. म्हणून त्यात चूक साचतच नाही. खेळ सुरू होण्याआधी तो गुरुत्वाकर्षण किती हवं तेही विचारायचा आणि पृथ्वीचं ९.८ असं सुचवायचा. फक्त गोळाच उडणार असेल आणि तो कशाला धडकून उड्या मारणार नसेल, तर हा मार्ग अजूनही उत्तम. ठोकळे कोसळायचे असतील तर मात्र इंजिनाशिवाय गत्यंतर नाही, आणि मग अर्धं पाऊल लक्षात ठेवावंच लागतं.

आता टेकडीच्या पलीकडे जाऊ. शत्रूला ठिपके दिसत नाहीत. त्याला उलटा प्रश्न सोडवायचा आहे: गोळा कुठे पडावा हे माहीत आहे, नळी कुठे ठेवू? गोळ्याला ३० मीटर जायला लागणारा वेळ कोनावरून काढायचा आणि तो उंचीच्या समीकरणात ठेवायचा. थोडी आवराआवर केली की कोनाच्या टॅनसाठी एक वर्गसमीकरण उरतं, दहावीत सोडवतो तसलंच.

```
tan θ = ( v² ± √( v⁴ − g( g x² + 2 y v² ) ) ) / ( g x )
```

आपले आकडे घाला. वर्गमुळाखाली येतात ३०,०००, त्यांचं मूळ सुमारे १७३.२. अंश ४०० अधिक किंवा उणे १७३.२, छेद ३००. टॅनच्या दोन किमती मिळतात आणि त्यांतून दोन कोन: ३७.१ आणि ६२.४ अंश. एक बसकी वाट, १.८८ सेकंदांची. दुसरी उंच वाट, ३.२४ सेकंदांची. दोन्ही त्याच ठिकाणी पोचतात. शत्रूने आधी बसकी वाट ठिपक्या-ठिपक्याने चालून पाहावी. मध्ये टेकडी लागली तर उंच वाट घ्यावी. उंच वाटेला वेळ जास्त, म्हणून अर्ध्या पावलाची चूकही जास्त: दुरुस्ती केली नसेल तर ३२ सेंटिमीटर. बसक्या माऱ्यात अचूक वाटणारा शत्रू उंच माऱ्यात चुकू लागला, तर हे आठवावं.

या दोन कोनांची सरासरी काढली तर ४९.७ अंश येते. तोफेतून शत्रूकडे सरळ रेघ ओढली तर ती जमिनीशी ९.५ अंशांचा कोन करते. ती रेघ आणि सरळ वरची दिशा यांच्या बरोबर मधोमध असलेला कोन किती? ४९.७. कोणताही वेग घ्या, कोणतंही लक्ष्य घ्या, बसका आणि उंच हे दोन कोन नेहमी या मधल्या रेघेच्या दोन बाजूंना सारख्याच अंतरावर असतात. गोळ्याचा वेग कमी करत गेलं तर ते दोघे मधल्या रेघेकडे सरकतात आणि शेवटी तिथे एकत्र येतात. आपल्या शत्रूसाठी ते १८.८ मीटर प्रति सेकंदाला घडतं. त्याहून हळू गोळा तिथे पोचूच शकत नाही, कारण वर्गमुळाखाली ऋण संख्या येते.

विवेचक ऋण, म्हणजे उत्तर नाही, असं शाळेत शिकवतात. इथे त्या ऋण चिन्हाला आकार आहे. गॅलिलिओच्या शेवटच्या दिवसांत त्याच्यासोबत राहिलेल्या टॉरिचेल्लीने १६४४ साली तो दाखवला. एकाच वेगाने सगळ्या कोनांतून गोळे डागले, तर त्या सगळ्या अन्वस्तांना वरून झाकणारी जी सीमा तयार होते, तीही अन्वस्तच असते. आपल्या तोफेसाठी ती डोक्यावर २० मीटर उंच आहे आणि ४० मीटरवर जमिनीला टेकते. ३० मीटर अंतरावर तिची उंची ८.७५ मीटर. शत्रू ५ मीटरवर आहे, म्हणून सापडतो. तो ९ मीटरवर चढला, तर जगातला कोणताही कोन त्याला गाठणार नाही. ही सीमा खेळात फिकट रंगाने काढून ठेवली, तर कुठे उभं राहणं सुरक्षित आहे हे खेळाडूला एका नजरेत कळतं. ठिपक्यांइतकीच ही रेघही खेळात असायला हवी, असं मला वाटतं.

पण दर वेळी अचूक मारणारा शत्रू खेळाला मारून टाकतो. त्याला चुकायला शिकवावं लागतं, आणि इथे साधा विचार फसतो. सुचतं ते असं: अचूक कोन काढायचा आणि त्यात एखाद्या अंशाची गडबड करायची. सपाट जमिनीवर आपल्या तोफेने ते करून पाहू. १५ अंशांवर गोळा २० मीटर जातो, आणि एक अंश चुकला तर १.२ मीटर इकडे किंवा तिकडे पडतो. ठीक. आता ४५ अंश घ्या. गोळा ४० मीटर जातो, दुप्पट दूर, आणि एक अंश चुकला तर फरक पडतो २.४ सेंटिमीटरचा! मीटरचा नाही, सेंटिमीटरचा. ४५ अंशांवर पल्ला आपल्या शिखरावर असतो, आणि शिखराजवळ वाट सपाट असते. त्यामुळे असा शत्रू जवळच्या तोफेवर चाचपडतो आणि सर्वात दूरच्या तोफेला हमखास उडवतो. शिवाय शिखरावरून दोन्हीकडे उतारच असल्यामुळे तिथली प्रत्येक चूक गोळा अलीकडेच पाडते, पलीकडे कधीच नाही. खेळाडूला कारण समजत नाही, पण काहीतरी बनावट आहे हे जाणवतं.

वेगात गडबड केली तर हे वैचित्र्य नसतं. वेग एक टक्का चुकला की पल्ला दोन टक्के चुकतो, मग कोन कोणताही असो. ४० मीटरवर ते ८० सेंटिमीटर होतात. पण त्याहून बरा उपाय म्हणजे शत्रूला चुकीचं लक्ष्य द्यायचं आणि त्यावर अचूक नेम धरू द्यायचा. खऱ्या तोफेपासून, समजा, चार मीटरच्या आतला एखादा बिंदू निवडायचा, तो सीमेच्या आत आहे का हे पाहायचं, आणि सूत्र त्या बिंदूसाठी सोडवायचं. म्हणजे चूक किती मोठी असावी हे आपल्या हातात राहतं. पुढच्या पाळीला ते चार मीटर निम्मे करायचे, मग पुन्हा निम्मे. खरे गोलंदाजही एक गोळा पलीकडे, एक अलीकडे टाकून मधलं अंतर निम्मं-निम्मं करत लक्ष्य गाठतात. असा शत्रू जवळजवळ येणाऱ्या गोळ्यांनी धडकी भरवतो, आणि आपल्याला जागा बदलायला वेळही देतो.

वारा आला तरी हे सगळं टिकतं, ही आणखी एक मजेची गोष्ट. बहुतेक खेळांत वारा म्हणजे आडवा, कायमचा जोर. खालचा १० चा ओढा आणि आडवा २ चा, मिळून एकच तिरपा ओढा होतो: १०.२ इतका, सरळ खालच्या दिशेपासून ११.३ अंश कललेला. कागद तेवढाच फिरवून धरा, आणि समोर तेच जुनं अन्वस्त आहे. लक्ष्याचे अंक तेवढ्या कोनातून फिरवून, g च्या जागी १०.२ धरून सूत्रात घातले आणि मिळालेला कोन तेवढाच उलटा फिरवला की पुरे. अर्ध्या पावलाची दुरुस्ती मात्र आता वाऱ्याच्या उलट दिशेलाही करावी लागते.

हवेचा रोध आला की अन्वस्त मोडतं. इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने १७४२ साली मोजून दाखवलं, की वेगवान गोळीवर हवेचा रोध लोकांना वाटत होता त्याहून कितीतरी मोठा असतो. पुढे खऱ्या तोफांची कोष्टकं पावलापावलाने बेरीज करून काढावी लागली. एनिअ‍ॅक हा प्रचंड इलेक्ट्रॉनिक संगणक अमेरिकी सैन्याने मुळात याच कोष्टकांसाठी बांधून घेतला आणि तो १९४६ साली जगासमोर आला. माणसाला एका मार्गाचा हिशेब करायला वीसेक तास लागायचे, त्याला अर्धा मिनिट. आज आपल्या खेळातलं इंजिन करतं ते त्याच जातीचं काम आहे.

रोध असेल तर ठिपके सूत्राने काढूच नयेत. इंजिनाच्या त्या दोन ओळी, रोधासकट, आधी मनातल्या मनात दीडशे वेळा चालवाव्यात आणि मिळालेले बिंदू काढावेत. फोनला ते काहीच नाही. आणि शत्रूने? त्याने सूत्र टाकून देऊ नये. दर सेकंदाला वेगाचा साधारण दहावा भाग खाणारा रोध घेऊ, आणि लक्ष्य ३० मीटरवर, २ मीटर उंच. रोध नसल्याचं समजून सूत्राने कोन काढला, तर गोळा १.९४ मीटर खाली येतो. मग खोटं लक्ष्य तेवढंच वर सरकवायचं आणि पुन्हा सूत्र सोडवायचं: आता चूक ३६ सेंटिमीटर. पुन्हा तेवढं वर: ९ सेंटिमीटर. चौथ्या खेपेला दोनेक सेंटिमीटर. हे सगळे गोळे कुणाला दिसत नाहीत, शत्रू ते डोक्यातच डागतो, एका फ्रेमच्या आत.

आता तेच आपल्या ५ मीटर उंचीच्या जुन्या लक्ष्यावर करून पाहू. पहिली चूक २.५८ मीटर, दुसरी १.२८, आणि तिसऱ्या खेपेला खोटं लक्ष्य ८.८६ मीटरवर पोचतं, टॉरिचेल्लीच्या ८.७५ च्या सीमेबाहेर. वर्गमुळाखाली ऋण संख्या. इथे शत्रूने लगेच हार मानू नये, कारण ही सीमा रोध नसलेल्या गोळ्याची आहे आणि नुसती पद्धत अडली असण्याची शक्यता असते. ३५ ते ६० अंशांतला प्रत्येक कोन एकेकदा चालवून पाहिला, की खरं उत्तर मिळतं: ३० मीटरवर हा गोळा ४६ अंशांच्या आसपास सर्वात उंच जातो, आणि ती उंची असते जेमतेम ३.७४ मीटर. लक्ष्य खरोखरच हाताबाहेर आहे. शत्रूने तोफ दोन मीटर पुढे आणावी. २८ मीटरवरून ४७ अंशांत सुटलेला तोच गोळा त्या उभ्या रेषेवर साडेपाच मीटर उंचीवरून जातो, आणि ५ मीटरवरचं लक्ष्य पुन्हा आवाक्यात येतं.